सुट्ट्या नाण्यांचा प्रश्न: ग्रीडी कुठे फसते आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग तिथे काय वेगळं करते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुळात प्रश्न काय आहे?

ठरावीक किमतींची नाणी दिली आहेत आणि प्रत्येक किमतीची हवी तितकी नाणी मिळतात. एक रक्कम दिली आहे. ती रक्कम नेमकी भरायची, एकानेही कमी-जास्त नाही, आणि त्यासाठी कमीत कमी नाणी वापरायची.

या संपूर्ण पानावर मी एकच नाणेसंच धरून चालणार आहे: १, ४ आणि ५. हा संच इतका लहान आहे की सगळं काम कागदावर करता येतं, आणि तरीही ग्रीडीची चूक त्यात स्पष्ट दिसते. सोयीसाठी एक शब्दही ठरवून घेऊ. एखादी रक्कम भरायला लागणारी कमीत कमी नाणी म्हणजे त्या रकमेचा "खर्च". म्हणजे ५ चा खर्च १, आणि ३ चा खर्च ३, कारण ३ साठी एकेकाची तीन नाणी लावण्यावाचून मार्ग नाही.

ग्रीडी पद्धत म्हणजे काय?

उरलेल्या रकमेत बसणारं सगळ्यात मोठं नाणं घ्यायचं, रकमेतून ते वजा करायचं, आणि शून्य होईपर्यंत हेच करत राहायचं. एकदा घेतलेलं नाणं परत ठेवायचं नाही. या शेवटच्या नियमाकडे लक्ष द्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

ही पद्धत पटते त्याला कारण आहे. आपल्याला नाणी कमी हवी आहेत, आणि मोठं नाणं घेतलं की एका फटक्यात जास्त रक्कम संपते. १४ घ्या: ५, मग ५, मग ४. तीन नाणी, आणि याहून चांगलं उत्तर नाही. दोन नाण्यांत जास्तीत जास्त १० भरतात, त्यामुळे १४ दोन नाण्यांत बसूच शकत नाही.

मग ती चुकते कुठे?

रक्कम ८ घ्या. ग्रीडी ५ उचलते, ३ उरतात, आणि त्यांच्यासाठी १, १, १. एकूण चार नाणी. खरं उत्तर ४ आणि ४, म्हणजे दोनच नाणी.

इथे नेमकं काय बिघडलं, ते सावकाश पाहू. "मोठं नाणं घेतलं म्हणून चुकलं" एवढं म्हणून भागत नाही, कारण १४ मध्ये तेच मोठं नाणं बरोबर होतं. पहिलं नाणं कोणतंही घेतलं तरी खर्च एकाच नाण्याचा. पाच घ्या नाहीतर चार घ्या, नाणं एकच गेलं. फरक पडतो तो मागे काय उरतं याने. ५ घेतल्यावर ३ उरतात आणि ३ चा खर्च आहे ३. ४ घेतल्यावर ४ उरतात आणि त्यांचा खर्च आहे १. रक्कम म्हणून पाहिलं तर ३ हे ४ पेक्षा लहान, पण नाण्यांच्या हिशेबात ३ महाग आणि ४ स्वस्त.

ग्रीडी उरलेली रक्कम किती लहान झाली एवढंच पाहते. ती रक्कम भरायला किती महाग आहे, हे ती पाहत नाही. लहान रक्कम म्हणजे कमी नाणी असा तिचा गृहीत धरलेला हिशेब आहे, आणि १, ४, ५ या संचात तो खरा नाही.

पण नेहमीच्या नाण्यांवर ग्रीडी बरोबर उत्तर देते. ते कसं?

कारण काही संच असे बांधलेले असतात की ग्रीडीला दुसरा पर्यायच उरत नाही. १, २, ५, १० हा संच घ्या आणि त्यातलं एखादं सर्वोत्तम उत्तर समोर आहे असं समजा. त्यात १ ची दोन नाणी असू शकत नाहीत, कारण त्यांच्या जागी २ चं एक नाणं ठेवून एक नाणं वाचलं असतं. २ ची तीन नाणीही नसतात, कारण ६ साठी ५ आणि १ पुरतात. २, २ आणि १ एकत्र नसतात, कारण ते तिघं मिळून ५ चं एक नाणं होतात. ५ ची दोन नाणी नसतात, कारण ती मिळून १०.

आता बेरीज करून पाहा. सर्वोत्तम उत्तरात १ आणि २ ची नाणी मिळून जास्तीत जास्त ४ होतात, ५ पर्यंत पोहोचतच नाहीत. त्यात ५ चं एक नाणं धरलं तरी ९, म्हणजे १० च्या आतच. याचा अर्थ रक्कम १० किंवा जास्त असेल तर सर्वोत्तम उत्तरात १० चं नाणं असायलाच हवं, आणि रक्कम ५ ते ९ असेल तर ५ चं. ग्रीडी नेमकं तेच नाणं उचलते, म्हणून ती बरोबर ठरते.

आपल्या १, ४, ५ संचात हाच बांध फुटतो. ४ ची दोन नाणी मिळून ८ होतात, म्हणजे ५ च्या पुढे जातात, आणि त्यांच्या बदल्यात कमी नाण्यांची कोणतीही अदलाबदल होत नाही. लहान नाणी मोठ्या नाण्याला ओलांडून गेली तरी सर्वोत्तमच राहिली, आणि ग्रीडी तिथेच फसली.

प्रत्येक नाण्याने पुढच्या नाण्याला पूर्ण भाग जायला हवा, अशी अट आहे का?

तशी अट पुरेशी आहे, पण आवश्यक नाही. १, ५, १०, ५० अशा संचात प्रत्येक नाणं पुढच्याला भागतं आणि ग्रीडी नक्की चालते. पण वरच्या संचात २ ने ५ ला भाग जात नाही, तरीही ग्रीडी बरोबर आहे. भागाकार पाहून "चालेल" म्हणता येतं. "चालणार नाही" असं त्यावरून म्हणता येत नाही.

नवीन नाणं वाढवलं तर उत्तर सुधारेलच ना?

खरं सर्वोत्तम उत्तर कधीच बिघडत नाही, कारण नवं नाणं न वापरण्याची मोकळीक असते. ग्रीडीचं उत्तर मात्र बिघडू शकतं, आणि मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात डोळे उघडणारी गोष्ट वाटते.

संचात फक्त १ आणि ४ असताना ग्रीडी ८ साठी ४, ४ देते. दोन नाणी, अगदी बरोबर. आता त्यात ५ घाला. ग्रीडी लगेच ५ कडे धावते आणि तिचं उत्तर चार नाण्यांवर जातं. साधन वाढलं आणि काम दुप्पट महाग झालं! उलट बाजूनेही पाहा. संचात १ आणि ५ असताना ८ साठी ५, १, १, १ हेच सर्वोत्तम होतं. त्यात ४ घातल्यावर सर्वोत्तम उत्तर दोनवर आलं, पण ग्रीडीचं उत्तर चारवरच राहिलं. ५ उचलल्यावर ३ उरतात आणि ४ चं नाणं त्यात बसत नाही, त्यामुळे ग्रीडीच्या वाटेत ते येतच नाही.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग यात काय वेगळं करते?

ग्रीडीला जे ठाऊक नव्हतं, तेच ती आधी काढून ठेवते: प्रत्येक उरलेल्या रकमेचा खर्च.

८ साठीच्या सर्वोत्तम उत्तरातून कोणतंही एक नाणं बाजूला काढा. ते १, ४ किंवा ५ असणार, चौथी शक्यता नाही. ते काढल्यावर उरलेली नाणी अनुक्रमे ७, ४ किंवा ३ ही रक्कम भरतात, आणि तीही कमीत कमी नाण्यांत. तसं नसतं तर त्या भागासाठी कमी नाण्यांचं उत्तर आणून बसवलं असतं आणि ८ चं उत्तरही सुधारलं असतं. पण ८ चं उत्तर आधीच सर्वोत्तम आहे, त्यामुळे ते शक्य नाही. म्हणून:

```
dp[0] = 0
dp[x] = 1 + min( dp[x-c] )   # c <= x असलेल्या प्रत्येक नाण्यासाठी
```

`dp[x]` म्हणजे x चा खर्च. सूत्रातला १ हा बाजूला काढलेल्या नाण्याचा. कोणतं नाणं काढावं याचा अंदाज बांधायचा नाही, सगळी लावून पाहायची आणि ज्याच्या मागे सगळ्यात स्वस्त रक्कम उरते ते ठेवायचं.

तक्ता हाताने भरून दाखवाल का?

हो, आणि प्रत्येकाने एकदा तरी तो स्वतः भरावा असं मला मनापासून वाटतं. शिकवताना मी पाहिलं आहे की सूत्र पाठ असूनही गोष्ट कळलेली नसते, आणि आठ ओळी हाताने लिहिल्या की ती कळते.

शून्याचा खर्च ० आहे, काही भरायचंच नाही. १, २ आणि ३ या रकमांत फक्त १ चं नाणं बसतं, म्हणून त्यांचे खर्च १, २, ३. इथपर्यंत निवड अशी नाहीच.

४ वर पहिल्यांदा निवड येते. १ चं नाणं काढलं तर मागे ३ उरतात, त्यांचा खर्च ३, एकूण ४. ४ चं नाणं काढलं तर मागे ०, एकूण १. म्हणून ४ चा खर्च १. तसंच ५ चा खर्च १.

६ वर तीन पर्याय आहेत. १ काढलं तर मागे ५, एकूण २. ४ काढलं तर मागे २, एकूण ३. ५ काढलं तर मागे १, एकूण २. म्हणून खर्च २. ७ वर: १ काढलं तर मागे ६, एकूण ३. ४ काढलं तर मागे ३, एकूण ४. ५ काढलं तर मागे २, एकूण ३. म्हणून खर्च ३.

आणि आता ८. १ काढलं तर मागे ७, एकूण ४. ५ काढलं तर मागे ३, एकूण ४. ४ काढलं तर मागे ४, एकूण २. खर्च २.

```
x      0  1  2  3  4  5  6  7  8
dp[x]  0  1  2  3  1  1  2  3  2
```

खालची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. ३ पर्यंत चढते, ४ वर खाली येते, ७ पर्यंत पुन्हा चढते आणि ८ वर पुन्हा उतरते. ही ओळ सरळ चढत गेली असती तर लहान रक्कम म्हणजे स्वस्त रक्कम हा ग्रीडीचा हिशेब बरोबर ठरला असता. ती वरखाली होते, म्हणून तक्ता लागतो.

कोड कसा लिहायचा? आणि नाणी कोणती, हे कसं कळतं?

तक्त्यातून फक्त संख्या मिळते. नाणी हवी असतील तर प्रत्येक रकमेवर जिंकलेलं नाणं दुसऱ्या अ‍ॅरेमध्ये लिहून ठेवायचं आणि शेवटी उलट चालत यायचं.

```python
def kami_nani(nani, rakkam):
    INF = rakkam + 1
    dp = [0] + [INF] * rakkam
    last = [0] * (rakkam + 1)
    for x in range(1, rakkam + 1):
        for c in nani:
            if c <= x and dp[x - c] + 1 < dp[x]:
                dp[x] = dp[x - c] + 1
                last[x] = c
    if dp[rakkam] == INF:
        return None
    yadi = []
    while rakkam > 0:
        yadi.append(last[rakkam])
        rakkam -= last[rakkam]
    return yadi
```

`kami_nani([1, 4, 5], 8)` चालवल्यावर `last[8]` मध्ये ४ असतं. ८ मधून ४ गेले, उरले ४. `last[4]` मध्येही ४, उरलं शून्य. उत्तर `[4, 4]`.

`INF` ची किंमत रकमेपेक्षा फक्त एकने जास्त ठेवली आहे, आणि ती मुद्दाम. सगळ्यात लहान नाणं १ चं असू शकतं, म्हणजे भरता येणाऱ्या कोणत्याही रकमेला रकमेइतक्या नाण्यांपेक्षा जास्त लागूच शकत नाहीत. त्यामुळे हा आकडा "अशक्य" या अर्थाने पुरेसा मोठा आहे.

C++ किंवा Java मध्ये याच जागी पुष्कळ जण पूर्णांकाची कमाल किंमत ठेवतात. मीही एकदा ठेवली होती आणि त्या चुकीने माझी अख्खी दुपार खाल्ली. कमाल किमतीत १ मिळवला की आकडा उलटून प्रचंड ऋण होऊ शकतो. मग "कमीत कमी" शोधताना हा ऋण आकडाच जिंकतो आणि अशक्य रक्कम सगळ्यात स्वस्त ठरते. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: उत्तरात ऋण संख्या दिसते. पण संचात १ चं नाणं असलं तर कोणतीच रक्कम अशक्य नसते आणि चूक वर येतच नाही. म्हणून चाचणी करताना १ नसलेला एक संच आवर्जून घ्यावा.

संचात १ चं नाणं नसेल तर?

तर काही रकमा भरताच येत नाहीत. फक्त ४ आणि ५ असतील तर १, २, ३, ६, ७ आणि ११ भरता येत नाहीत. १२ पासून पुढची प्रत्येक रक्कम भरता येते. तक्त्यात या सहा जागी `INF` तसाच राहतो, एवढाच काय तो फरक.

ग्रीडीची मात्र इथे आणखी वाईट अवस्था होते. ८ साठी ती ५ उचलते, ३ उरतात, आणि पुढे काहीच बसत नाही. जी रक्कम दोन नाण्यांत भरते तिला ती "अशक्य" म्हणते. नाणी जास्त लागण्यापेक्षा ही चूक गंभीर आहे, कारण अशा उत्तराकडे पाहून कुणाला शंकाही येत नाही.

मी रिकर्शन लिहिलं, सूत्र तेच आहे, पण प्रोग्रॅम संपतच नाही. का?

कारण त्याच त्या रकमा पुन्हा पुन्हा मोजल्या जात आहेत. ८ चा खर्च काढताना ३ ची गरज थेट लागते, ४ मधून १ काढताना लागते, ७ मधून ४ काढताना लागते, आणि दर वेळी ३ चं सगळं काम नव्याने होतं. १, ४, ५ या संचावर रक्कम एकने वाढली की अशा कॉलची संख्या साधारण दीडपट होते. दीडपट ऐकायला थोडं वाटतं, पण रक्कम १०० झाली की कॉल १ वर १७ शून्यांच्याही पुढे जातात. तक्त्याला त्याच कामासाठी १०० रकमा आणि प्रत्येकी तीन नाणी, म्हणजे जास्तीत जास्त ३०० तपासण्या लागतात.

मोजलेली उत्तरं साठवून ठेवली तर रिकर्शनही तितकंच वेगवान होतं. Python मध्ये मात्र रिकर्शनची खोली मुळात १,००० वर थांबवलेली असते. रक्कम ५,००० असेल आणि १ चं नाणं आधी तपासलं जात असेल, तर `RecursionError` येतो. खालून वर भरलेल्या तक्त्याला ही अडचण नाही.

माझा नाणेसंच ग्रीडीला चालतो की नाही, हे कसं तपासू?

दोन्ही पद्धती चालवून उत्तरं ताडून पाहायची. प्रश्न असा पडतो की कुठपर्यंत? रकमा तर अनंत आहेत. डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झाक्स यांनी १९९४ मध्ये याचं नेमकं उत्तर दिलं. संचात १ असेल आणि ग्रीडी कुठेही चुकत असेल, तर ती जिथे चुकते ती सगळ्यात लहान रक्कम ही दोन सर्वांत मोठ्या नाण्यांच्या बेरजेच्या आत, आणि लहानाकडून मोजलेल्या तिसऱ्या नाण्याच्या किमतीत १ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या पुढेच सापडते.

आपल्या संचात दोन मोठी नाणी ४ आणि ५, त्यांची बेरीज ९. तिसरं नाणं ५, अधिक १ म्हणजे ६. म्हणजे ६ आणि ९ यांच्या मधल्या फक्त दोन रकमा तपासायच्या: ७ आणि ८. ७ वर ग्रीडी ५, १, १ देते, तीन नाणी, आणि तक्ताही तीनच म्हणतो. ८ वर ती चार म्हणते आणि तक्ता दोन. सापडली चूक. ७ आणि ८ दोन्हीवर उत्तरं जुळली असती, तर कोटीच्या रकमेवरही ग्रीडी बरोबरच आली असती, आणखी काही तपासायची गरज नव्हती.

पाच-पन्नास रकमा मनाने निवडून "चालतंय" असं ठरवू नका. १, ४, ५ वर ९, १०, ११, १४, १५, १६ या सगळ्या रकमांवर ग्रीडीची नाणी सर्वोत्तमाइतकीच येतात. १६ पर्यंतच्या रकमांत नेमकी ८, १२ किंवा १३ घेतली तरच ती उघडी पडते.

रक्कम फार मोठी असेल तर तक्ता परवडतो का?

तक्त्याचं काम रक्कम गुणिले नाण्यांचे प्रकार इतकं आहे. रक्कम दहा लाख असेल तरी हरकत नाही. पण रक्कम १ वर १२ शून्यं असेल, तर ती लिहायला तेरा अंक लागतात आणि तक्त्याला एक लाख कोटी खाने. म्हणजे काम रकमेच्या अंकसंख्येवर नव्हे, तर रकमेच्या मूल्यावर वाढतं. नाणी आणि रक्कम कशीही दिली तरी झटपट चालेल अशी पद्धत मिळण्याची आशा फारशी नाही. हा प्रश्न एनपी-हार्ड असल्याचं जॉर्ज ल्यूकर यांनी १९७५ मध्येच दाखवलं.

नाणी लहान आणि रक्कम अवाढव्य, अशी परिस्थिती मात्र वेगळी आहे, आणि तिथे एक सुंदर युक्ती चालते. सर्वोत्तम उत्तरातली ५ सोडून बाकीची नाणी पाहा. ती पाच किंवा जास्त असू शकतात का? त्यातली पाच एका ओळीत मांडा आणि पहिलं, पहिली दोन, पहिली तीन अशा पाच बेरजा करा. प्रत्येकीला ५ ने भागून बाकी लिहा. एखादी बाकी ० आली, तर त्या बेरजेला ५ ने पूर्ण भाग जातो. नाही आली, तर १ ते ४ एवढ्याच बाक्या पाच बेरजांत वाटायच्या आहेत, म्हणून दोन बेरजांची बाकी सारखीच येते, आणि त्या दोघींच्या मधल्या नाण्यांच्या बेरजेला ५ ने पूर्ण भाग जातो. दोन्ही बाबतीत त्या नाण्यांच्या जागी ५ ची नाणी ठेवता येतात, आणि ५ हे त्या प्रत्येकाहून मोठं असल्याने नाणी कमीच लागतात. उदाहरणार्थ ४ ची पाच नाणी म्हणजे २०, म्हणजेच ५ ची चार. पण उत्तर तर सर्वोत्तम होतं. म्हणून ५ सोडून बाकीची नाणी चारपेक्षा जास्त नसतात, आणि त्यांची बेरीज १६ च्या पुढे जात नाही.

यावरून रक्कम १६ पेक्षा जास्त आहे तोवर ५ चं नाणं डोळे मिटून घेता येतं. १०,००,००३ घ्या. ५ ची १,९९,९९८ नाणी काढली की १३ उरतात. आता तक्ता फक्त १३ पर्यंत: ५, ४, ४, तीन नाणी. एकूण २,००,००१. ग्रीडी ५ ची २,००,००० नाणी घेऊन ३ वर अडकते आणि एकूण २,००,००३ देते. दहा लाखांच्या रकमेत ती फक्त दोन नाण्यांनी चुकली, कारण तिची चूक शेवटच्या टोकातच होते. तिथे ५ चं फक्त एक नाणं कमी घ्यायचं होतं.

किती प्रकारे रक्कम भरता येते, हा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे का?

वेगळा आहे, आणि त्यात लूपचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ५ ही रक्कम तीन प्रकारे भरते: ५, किंवा ४ आणि १, किंवा पाच वेळा १. नाण्यांचा लूप बाहेर आणि रकमेचा आत ठेवला तर ३ हेच उत्तर येतं. क्रम उलटा केला तर ४ येतं, कारण "आधी ४ मग १" आणि "आधी १ मग ४" हे वेगळे मोजले जातात. कमीत कमी नाण्यांच्या प्रश्नात मात्र दोन्ही क्रम चालतात. क्रम बदलला तरी नाण्यांची संख्या तीच राहते.

प्रत्येक नाणं एकदाच वापरता येत असेल तर?

मग नाण्यांचा लूप बाहेर ठेवा आणि आतला लूप मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे चालवा. लहानाकडून मोठ्याकडे गेलात, तर ४ वर वापरलेलं नाणं ८ वर पुन्हा वापरलं जातं आणि नसलेलं दुसरं ४ चं नाणं उत्तरात दिसतं. उलट चालवलं की ८ भरताना ४ च्या खान्यात या नाण्याचा स्पर्श अजून झालेला नसतो. आपल्या संचात १, ४, ५ अशी एकेकच नाणी असतील तर ८ भरताच येत नाही, आणि तक्त्यात ते `INF` म्हणून दिसायला हवं. ते २ आलं, तर आतला लूप उलटा फिरवायचा राहून गेला आहे.